आपला विषय आला, की बाहेर जावे

एक उदाहरण मुद्दाम बांधून घेतो. खरे नाव घेतले, की चर्चा त्या माणसावर जाते आणि रीत तशीच राहते. मला बोलायचे आहे ते रीतीबद्दल.

साक्री तालुक्यातला एक कांदा व्यापारी डोळ्यांसमोर आणा. चौदा वर्षे बाजार समितीचा परवाना. दरवेळी मुदत संपली, की फी भरायची, थकबाकी नसल्याचा दाखला जोडायचा आणि नूतनीकरण करून घ्यायचे. यंदा फेब्रुवारीत समितीच्या सचिवाच्या सहीचे पत्र सगळ्या परवानाधारकांना आले होते. नवीन गाळ्यांचे वाटप होईपर्यंत चालू परवाने पूर्वीप्रमाणे सुरू राहतील, ज्यांच्याकडे शेतकऱ्यांचे पैसे थकलेले नाहीत त्यांनी चिंता करू नये, असा मजकूर. त्या भरवशावर याने बँकेकडून खेळते भांडवल वाढवून घेतले, हंगामापुरते एक खळे भाड्याने घेतले, प्रतवारीला येणाऱ्या बायकांना उचल दिली. एप्रिल उजाडला. उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या पहाटेपासून रांगेत लागू लागल्या. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी समितीचा शिपाई बारनिशीच्या वहीवर सही घेऊन एक कागद हातात देऊन गेला. वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का, मध्ये दोन वाक्ये : ‘मा. संचालक मंडळाच्या मासिक सभेतील ठरावानुसार आपला व्यापारी परवाना रद्द करण्यात आला आहे. सबब आपण बाजार आवारातील व्यवहार तात्काळ बंद करावेत.’

कारण लिहिलेले नाही. आधी कारणे दाखवा नोटीस नाही. सोमवारी तो समितीच्या कचेरीत जातो तेव्हा कळते, की विषय सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हताच. तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात शेवटी घेतला गेला. कोणीतरी तक्रार केली होती म्हणे. सभेत या विषयावर सर्वांत आधी बोलले ते व्यापारी मतदारसंघातून निवडून आलेले एक संचालक. त्यांचा गाळा याच्या गाळ्याला लागून आहे, आणि त्यांच्या पुतण्याचा नव्या परवान्यासाठीचा अर्ज समितीकडे पडून आहे.

या माणसाला गावात काय सल्ला मिळतो? ‘अमक्या भाऊंना भेट, तमक्या दादांचा फोन आण.’ म्हणजे ज्या दारातून अन्याय आला, त्याच दाराशी हात जोडून उभे राहायचे. मी हे लिहितो आहे ते या सल्ल्याविरुद्ध. परवाना ही मेहेरबानी आहे, देणाऱ्याची मर्जी फिरली की ती जाणारच, हा समज आपल्या तालुक्यातालुक्यांत इतका मुरला आहे, की ज्याचा परवाना जातो त्यालाही आपल्यावर अन्याय झाला असे वाटत नाही. आपले ग्रह फिरले, एवढेच वाटते. तो समज खोटा आहे.

परवान्याचा कायदाच आधी पाहू. १९६३ चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा. त्याचे आठवे कलम बाजार समितीला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार देते, पण मोकाट देत नाही. खोटी माहिती देऊन परवाना मिळवला असेल, परवान्याच्या अटी मोडल्या असतील, इतर व्यापाऱ्यांशी संगनमत करून बाजार मुद्दाम बंद पाडला असेल, दिवाळे निघाले असेल, अशी ठरलेली कारणे आहेत. कारणे लेखी नोंदवायची आहेत. आणि परवानाधारकाला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय परवाना रद्द किंवा निलंबित करता येत नाही, हे कलमातच लिहिले आहे. तेव्हा आपल्या उदाहरणातला दोन ओळींचा कागद पहिल्याच पायरीवर घसरतो.

अशा कागदाला कचेरीचे एक ठरलेले उत्तर असते : ‘कारणे आमच्याकडे आहेत, गरज पडली तर कोर्टात देऊ.’ या उत्तराचा निकाल आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात फार पूर्वी लागला आहे. गोरधनदास भानजी यांना मुंबईत अंधेरीला सिनेमागृह बांधायचे होते. जुलै १९४७ मध्ये पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली. सप्टेंबर १९४७ मध्ये त्याच आयुक्तांचे पत्र आले, की सरकारच्या आदेशावरून कळविण्यात येते, आपली परवानगी रद्द करण्यात आली आहे. नियमाप्रमाणे परवानगी देण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हता. पुढे कोर्टात आयुक्तांच्या वतीने सांगण्यात आले, की रद्द करण्याचा निर्णय त्यांनी स्वतः विचार करूनच घेतला होता. सर्वोच्च न्यायालयात १९५१ मध्ये न्यायमूर्ती विवियन बोस यांनी निकाल लिहिला. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हे गृहस्थ. त्यांनी पत्रातले शब्द जसेच्या तसे घेतले. पत्र सांगते की सरकारने रद्द केले. मग लिहिणाऱ्याच्या मनात आणखी काय होते, हे नंतर येऊन सांगता येणार नाही. सार्वजनिक अधिकाराने काढलेला हुकूम ज्याच्यावर काढला, त्याने त्या कागदावरून जे समजायचे तेच त्याचे रूप. अधिकार ज्याला दिला आहे त्याने तो स्वतःच्या डोक्याने वापरला पाहिजे, दुसऱ्याच्या हुकमाचा टपाली होऊन चालत नाही.

‘वरून फोन आला’ हे आपल्याकडे आजही सहज सांगितले जाते. सांगणाऱ्याला वाटते, त्याने त्याची जबाबदारी हलकी होते. वास्तविक त्या एका वाक्याने त्याचा हुकूमच पोकळ होतो.

आता फेब्रुवारीच्या त्या पत्राकडे या. कायद्यात याला न्याय्य अपेक्षा म्हणतात. अपेक्षा दोन वाटांनी तयार होते. अधिकाऱ्याने किंवा संस्थेने स्पष्ट आश्वासन दिले असेल, ही एक. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने व्यवहार चालत आला असेल, ही दुसरी. आपल्या व्यापाऱ्याकडे दोन्ही आहेत : सचिवाचे पत्र आणि चौदा वर्षांची नूतनीकरणे. मनात धरलेली आशा मात्र यात बसत नाही. ‘सभापती आपल्या जवळचे आहेत, ते सांभाळून घेतील’ ही आशा झाली. तिला कोर्टात किंमत नाही, आणि नसावी.

दीर्घ व्यवहाराची अपेक्षा कशी असते, याचे एक प्रकरण सांगतो. महाबीर ऑटो स्टोअर्स नावाची एक पेढी १९६५ पासून अठरा वर्षे इंडियन ऑईल कॉर्पोरेशनकडून वंगणतेल घेऊन विकत होती. २७ मे १९८३ रोजी पुरवठा एकाएकी थांबला. आधी सूचना नाही, विचारणा नाही. कॉर्पोरेशनचे म्हणणे असे, की पेढीशी कायमचा करारच नव्हता, तेव्हा माल कोणाला द्यायचा हे आम्ही ठरवू. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. सरकारी संस्था व्यापार करत असली तरी ती खाजगी दुकानदार होत नाही. इतकी वर्षे ज्याच्याशी व्यवहार केला, त्याला अंधारात ठेवून एका सकाळी नळ बंद करणे मनमानी ठरते. त्याला विश्वासात घ्यायला हवे होते, असे न्यायालयाने म्हटले.

इथे एक गैरसमज मी लगेच दूर करतो, कारण व्यापारी मंडळी तो पटकन उचलतात. न्याय्य अपेक्षा म्हणजे परवाना जन्मभर मिळण्याचा हक्क नव्हे. १९९३ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कामधेनू कॅटल फीड यांच्यातल्या प्रकरणात हे फार नेमके सांगितले गेले. खराब झालेल्या धान्याच्या विक्रीत कामधेनूची निविदा सर्वांत चढी होती. तरीही महामंडळाने सर्व निविदाधारकांना बोलावून पुन्हा बोलणी केली आणि त्याहून जास्त पैसे मिळवले. कामधेनूवाले म्हणाले, आमची अपेक्षा मोडली. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठाने महामंडळाची बाजू घेतली, कारण सार्वजनिक मालाला जास्त किंमत मिळवणे हे योग्य कारण होते. पण जाता जाता तत्त्व पक्के केले : अपेक्षा हा स्वतंत्र हक्क नसेल, तरी निर्णय घेताना तिचा विचारच केला नाही, तर तो निर्णय मनमानी ठरू शकतो.

म्हणून आपल्या उदाहरणात समितीला परवाना रद्द करण्यास मज्जाव नाही. याने शेतकऱ्यांचे धनादेश परत पाठवले असते, वजनात मारले असते, हिशेबपट्टीवर बेकायदा कपात केली असती, तर परवाना गेलाच पाहिजे, आणि मी स्वतः समितीच्या बाजूने लिहिले असते. पण तेव्हाही फेब्रुवारीचे पत्र टेबलावर ठेवून विचारावे लागेल, की आपण असे लिहून दिले होते, त्यावर याने कर्ज काढले आहे, आता काय बदलले? त्याचे उत्तर शोधावे लागेल, त्यालाही विचारावे लागेल. हंगाम संपेपर्यंत मुदत देता येईल का, हेही पाहावे लागेल. आपल्या पत्राला मान देणे याचा अर्थ एवढाच आहे, आणि तो काही थोडा नाही. समितीच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून ज्याने घरचे दागिने गहाण टाकले असतील, त्याला त्या शिक्क्यानेच बुडवायचे, तर उद्या समितीचा कागद कोण खरा मानेल?

आता त्या संचालकांकडे येतो. लेख खरा त्यांच्यासाठीच लिहायला घेतला.

बाजार समितीच्या संचालक मंडळात व्यापारी आणि अडत्यांचे दोन प्रतिनिधी असतात, हमाल-मापाड्यांचा एक, बाकी बहुतेक शेतकऱ्यांचे. ही रचना शहाणपणाची आहे. बाजार चालवायचा तर बाजार कळणारी माणसे आत हवीत. पण त्याच रचनेने एक अडचण आत आणून ठेवली आहे. व्यापारी संचालक हा इतर प्रत्येक व्यापाऱ्याचा स्पर्धक आहे. शेजारचा गाळा बंद झाला, की लिलावात एक बोली कमी होते आणि त्याचा माल स्वस्त पडतो. पुतण्याचा अर्ज असेल तर मग बोलायलाच नको. या माणसाने शेजाऱ्याच्या परवान्यावर मत द्यायचे, म्हणजे वाटणीतल्या हिस्सेदाराने वाटणीचा पंच व्हायचे.

‘पण मी तर प्रामाणिकपणे बोललो,’ असे तो संचालक म्हणेल. कदाचित तो खरेच प्रामाणिक असेल. कायदा त्याच्या मनात शिरत नाही. कायदा एवढेच विचारतो, की बाहेरून पाहणाऱ्या समंजस माणसाला इथे पक्षपाताची रास्त शक्यता दिसते का? आणि पैशाचा संबंध असेल तर शक्यताही विचारत नाही. पैशाचा हितसंबंध कितीही लहान असो, तो असला की तुम्ही निवाड्याला अपात्र. इंग्लंडमध्ये १८५२ मध्ये खुद्द लॉर्ड चॅन्सेलरने दिलेला निकाल रद्द झाला, कारण ज्या कालवा कंपनीच्या बाजूने त्यांनी निकाल दिला तिचे समभाग त्यांच्याकडे होते. त्यांच्या प्रामाणिकपणावर कोणी बोट ठेवले नव्हते.

आपल्याकडे हा नियम न्यायालयांपुरताच आहे, कचेऱ्यांना लागू नाही, असे बराच काळ मानले जाई. ती भिंत १९६९ मध्ये ए. के. क्राइपाक प्रकरणात पडली. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळात राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक पदसिद्ध सदस्य होते, आणि तेच स्वतः उमेदवारही होते. त्यांच्या नावाचा विचार होताना ते बाजूला झाले. पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार होताना ते बसून राहिले, आणि पसंतीचा क्रम लावतानाही होते. मंडळाच्या इतर सदस्यांनी सांगितले, की त्यांनी आमच्यावर काही दबाव आणला नाही. न्यायमूर्ती हेगडे यांच्या निकालाने तरीही ती निवड रद्द केली. मंडळी एकत्र बसून ठरवतात, तेव्हा कोणाचा शब्द कुठे लागला हे वेगळे काढता येत नाही. एका माणसाची उपस्थितीच बाकीच्यांवर नकळत परिणाम करते.

आपल्या सभागृहांत काय होते ते आठवून पाहा. संबंधित संचालक म्हणतो, ‘मी तटस्थ, मी मत देत नाही,’ आणि खुर्चीत बसून राहतो. चहा येतो. तो शेजारच्याच्या कानाला लागतो. एखादा नवा संचालक त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हात वर करतो. वहीत नोंद होते, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. सगळ्यांना वाटते, त्याने मत दिले नाही, म्हणजे झाले. क्राइपाकच्या निकालाने याला नाही म्हटले आहे. मत न देणे पुरेसे नाही, उठून जायला हवे.

उपस्थितीचेच आणखी एक प्रकरण आहे. ते परदेशातले असले तरी आपल्या आठवडे बाजाराच्या इतके जवळ आहे, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमधल्या बार्न्सली गावच्या बाजारात हॅरी हूक नावाचा माणूस सहा वर्षे ठेला लावत होता. त्याच्याबद्दल कसली तक्रार नव्हती. १६ ऑक्टोबर १९७४ रोजी बाजार साडेपाचला बंद झाला, आणि त्याबरोबर सार्वजनिक शौचालयेही कुलूप लावून बंद झाली. सहा वाजून वीस मिनिटांनी त्याला लघवीची घाई झाली. तो बाजूच्या गल्लीत गेला. नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी हटकले, मग सुरक्षारक्षकाशी बाचाबाची झाली, दोन्हीकडून शब्द गेले. दोन दिवसांनी बाजार व्यवस्थापकाने त्याला बोलावले. हूकने चूक कबूल केली, माफी मागितली. तरी त्याच दिवशी व्यवस्थापकाने पत्र लिहून त्याला त्या बाजारातून जन्मभरासाठी काढून टाकले.

पुढे नगरपालिकेच्या समितीपुढे सुनावणी झाली. तिथे हूकच्या वतीने बोलायलाही माणसे होती. मग कमी कुठे पडले? समिती विचारविनिमयाला बसली, तेव्हा हूक आणि त्याची माणसे बाहेर होती, पण बाजार व्यवस्थापक आतच होता. म्हणजे ज्याने तक्रार चालवली, आरोप ठेवला, शिक्षा सुचवली, तोच निवाडा करणाऱ्यांच्या सोबतीला. हूकविरुद्ध नेमके काय सांगितले गेले, तेही त्याला नीट कळले नव्हते. १९७६ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एवढ्याशा चुकीला जन्मभराची रोजी घेणे ही शिक्षाच अतिरेकी आहे, असेही डेनिंग यांनी म्हटले. एका ठेलेवाल्यासाठी देशातले मोठे न्यायाधीश बसले आणि त्यांनी शौचालयाला कुलूप किती वाजता लागले होते, हेसुद्धा निकालपत्रात लिहिले. आपल्याकडे परवाना रद्द करणाऱ्या किती ठरावांत त्या माणसाचे म्हणणे एक ओळ तरी लिहिलेले असते?

बार्न्सलीच्या व्यवस्थापकाची जागा आपल्याकडे बऱ्याचदा सचिव घेतो. तक्रारीची चौकशी त्याची, नोटीस त्याच्या सहीची, अहवाल त्याचा, आणि निर्णयाच्या वेळी मंडळाच्या शेजारी बसून ठरावाचा मसुदाही त्याचाच. सचिवाला सभेत बसावे लागते, त्याचे ते कामच आहे. म्हणून अशा विषयात चौकशी दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यावी आणि अहवालाची प्रत व्यापाऱ्याला सुनावणीच्या आधी द्यावी. याला काही खर्च येत नाही.

‘इतके सोपस्कार करत बसलो, तर लबाड व्यापारी शेतकऱ्यांचे पैसे घेऊन पळून जाईल,’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो घेणाऱ्यांत माझ्यासारखे शेतकऱ्याच्या घरात वाढलेले लोकच जास्त आहेत. शंभर क्विंटल कांदा विकून पट्टी हातात घेऊन महिनोन्महिने चकरा मारलेल्या माणसाला सुनावणी हा शब्दच चीड आणतो. पण एक लक्षात घ्या. धोका खरा असेल तर नोटीस चार दिवसांची काढता येते. त्याचे लिलावात बोलणे तेवढ्यापुरते थांबवण्याची गरज असेल, तर तेही कारण लिहून, त्याला विचारून करता येते. वाजवी संधी किती दिवसांची, हे प्रकरण पाहून ठरते. सुनावणी म्हणजे चार महिन्यांच्या तारखा नव्हेत. आणि घाईत, नोटीस न देता, हितसंबंधी माणसाला सोबत बसवून काढलेला हुकूम अपिलात किंवा उच्च न्यायालयात उडतो. तेव्हा खरा लबाडही ताठ मानेने पुन्हा गाळ्यात येऊन बसतो आणि शेतकऱ्याचे पैसे बुडतात ते बुडतातच. अशा वेळी रीत मोडणाऱ्या संचालकाने शेतकऱ्याचा कैवार घेतलेला नसतो.

आणि परवाना निरपराध माणसाचा गेला, तर लिलावात ट्रॉलीभोवती उभ्या राहणाऱ्यांत एक माणूस कमी होतो. बोली शेवटी दोघातिघांत अडकते. क्विंटलमागे पन्नास रुपये कमी निघाले, तर शेतकऱ्याला ते कोणामुळे गेले हे कधीच कळत नाही. हमालाची मजुरी जाते, प्रतवारीच्या बायकांचा रोज जातो. हे नुकसान कोणत्याही इतिवृत्तात येत नाही.

आता त्या व्यापाऱ्याने काय करावे ते सांगतो. भाऊंकडे जाण्याआधी त्याने सचिवाला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जात तीन गोष्टी मागाव्यात : ज्या ठरावाने परवाना रद्द झाला त्याची प्रत, त्या सभेची विषयपत्रिका आणि उपस्थितांची नोंद. उपस्थितांची नोंद विसरू नये, कारण पक्षपाताचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा राहतो. फेब्रुवारीचे पत्र, चौदा वर्षांच्या फीच्या पावत्या, बँकेचे मंजुरीपत्र हे एकत्र ठेवावे. पत्राची तारीख आधीची आणि कर्जाची नंतरची, हे दिसले पाहिजे. भरवसा ठेवून पाऊल टाकले, हे तारखाच सांगतात. मग कायद्याने दिलेले अपील मुदतीत पणन संचालकांकडे करावे आणि त्याच अर्जात हुकमाला स्थगिती मागावी. हंगामात स्थगितीलाच खरी किंमत आहे, जूननंतरचा विजय कागदावरचा. समितीने नोटीसच दिली नसेल आणि वेळ हातची जात असेल, तर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. पर्यायी अपील असूनही नैसर्गिक न्यायाचा उघड भंग झाला असेल, तर न्यायालय दखल घेऊ शकते. घेईलच असे नाही.

अपिलात ऐकून घेतले म्हणजे आधीचा दोष धुऊन गेला, असे समितीचे वकील म्हणतील. त्याला मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात उत्तर आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या शिस्तपालन समितीत जे सदस्य होते, तेच पुढे परिषदेत बसून सदस्याला दोषी ठरवत होते. एल. के. रत्ना प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचे ठरवले. पहिल्या पायरीवरच न्याय मिळाला पाहिजे, नंतरचे अपील त्याची भरपाई करत नाही, असे न्यायमूर्ती पाठक यांनी म्हटले. एकदा नाव गेले, की धंदा आणि अब्रू दोन्ही जातात, आणि अपील जिंकल्यावर ती परत येतातच असे नाही. गाळ्याला कुलूप लागलेले सगळ्या बाजाराने पाहिलेले असते.

आणि समितीने सुनावणी दिली, समोर तोच शेजारचा संचालक बसलेला दिसला, तर त्याच क्षणी, पहिल्याच वाक्यात हरकत घ्यावी आणि ती लिहून द्यावी. इथे आपले लोक भिडेने मरतात. समोर दादा बसलेले, कसे बोलायचे? निकाल आपल्या बाजूने लागेल या आशेने गप्प बसायचे आणि विरुद्ध गेला की पक्षपाताची ओरड करायची. १९५७ मध्ये माणकलाल प्रकरणात राजस्थानातल्या एका वकिलाचे असेच झाले. त्यांच्या चौकशी मंडळाचा अध्यक्ष पूर्वी विरुद्ध पक्षाच्या वतीने उभा राहिलेला वकील होता. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की असा माणूस मंडळावर नको होता. पण वकिलांनी हे माहीत असून वेळेवर हरकत घेतली नव्हती, म्हणून त्यांना त्याचा फायदा मिळाला नाही. भीड ही सभ्यता वाटते, पण कायदा तिला संमती मानतो.

ज्या समितीत हितसंबंधी माणूस एकटाच आहे, तिथे त्याला उठायला काहीच अडचण नाही. बाकीचे निर्णय करायला पुरेसे असतात. दुसरे कोणीच निर्णय देऊ शकत नसेल तेवढ्यापुरतीच न्यायालये या नियमाला मुरड घालू देतात, आणि अठरा-वीस जणांच्या मंडळात ती वेळ येत नाही. तरीही उठत नाहीत, कारण उठणे म्हणजे आपल्यावर संशय आहे अशी कबुली, असे आपल्याकडे मानले जाते. जातीत, पक्षात, गावात ‘आपला माणूस’ म्हणून आपण निवडून आलो, तेव्हा आपल्या माणसाच्या विषयात आपण बसलेच पाहिजे, असेही मानले जाते. हे दोन्ही समज मोडायला हवेत. गावच्या पंचायतीत वादीचा मेव्हणा पंच नसावा, हे आपल्या अडाणी समजल्या गेलेल्या आजोबांना कळत होते. ते पंच स्वतःहून म्हणत, ‘मी नातलग आहे, मला यात घेऊ नका.’ त्यात त्यांची पत वाढायची.

साक्रीच्या असोत, नाहीतर राज्यातल्या कुठल्याही बाजार समितीच्या, संचालकांना माझी विनंती एवढीच आहे. परवान्याचा विषय आयत्या वेळच्या विषयांत घेऊ नका. तो विषयपत्रिकेवर घ्या, त्या माणसाला सात दिवस आधी लेखी कळवा, आपण पूर्वी त्याला काय लिहून दिले आहे ते काढून समोर ठेवा. आणि विषय पुकारला गेला, की ज्यांचा गाळा शेजारी आहे, ज्यांचा पुतण्या अर्जदार आहे, ज्यांची त्या माणसाशी उधारी आहे, त्यांनी उठावे, सभागृहाचे दार आपल्यामागे लावावे, आणि सचिवाने इतिवृत्तात नाव व वेळ घालून लिहावे, की अमुक संचालक विषय सुरू होण्यापूर्वी बाहेर गेले व ठराव झाल्यानंतर परत आले.